तंबाखू घरची असली तरी: नायट्रोसामाइन, कॅडमियम आणि पोलोनियम पानात येतात कुठून?

प्रश्न: दादाने सहा महिन्यांपूर्वी सिगरेट सोडली आणि आता चुना लावून तंबाखू खातो. तंबाखू मामाच्या शेतातली आहे, फवारणी नाही, वर कसलं केमिकल नाही, म्हणून तो बिनधास्त आहे. मी नायट्रोसामाइन, कॅडमियम आणि पोलोनियमबद्दल वाचलं. हे कंपन्या घालतात का? घरच्या तंबाखूतही असतं का? धुऊन किंवा भाजून निघून जाईल का?

उत्तर:

नाही, कंपन्या घालत नाहीत. हो, मामांच्या तंबाखूतही आहे. आणि धुऊन किंवा भाजून यातलं जे जायला हवं ते जात नाही. तिन्ही उत्तरांमागची कारणं मात्र वेगवेगळी आहेत, आणि ती कळली तर दादांशी बोलणं तुम्हाला सोपं जाईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बावीस वर्षं एका रासायनिक प्रयोगशाळेत काम केलं. अन्नपदार्थ, पाणी, माती आणि बरीच वर्षं तंबाखूचे नमुने तपासले. माझं आजोळ निपाणीच्या बाजूचं, त्यामुळे तंबाखू शेतात कशी उभी असते आणि वखारीत कशी पडलेली असते, हे नमुना टेबलावर येण्याच्या आधीपासून पाहिलेलं आहे. दादांसारखं बोलणारी माणसं मला खूप भेटली. त्यांच्या डोक्यात 'केमिकल' म्हणजे वरून मारलेलं काहीतरी असतं. फवारलं नाही तर माल शुद्ध. भाजीच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याच अंशी चालतो, तंबाखूच्या बाबतीत चालत नाही. कारण या तिघांपैकी एक पान तोडल्यानंतर पानातच तयार होतं, दुसरं मुळांवाटे जमिनीतून वर चढतं, आणि तिसरं काही जमिनीतून येतं, काही हवेतून पानावर बसतं. फवारणीचा पंप यात कुठेच नाही.

मामांच्या तंबाखूत नेमकं किती आहे, हे तपासणीशिवाय कोणीच सांगू शकणार नाही. वाण कोणता, जमीन कशी, युरिया किती टाकला, पान कसं वाळवलं, किती दिवस आणि किती ओलाव्यात ठेवलं, या सगळ्यावर ते ठरतं. पण 'आहे की नाही' हा प्रश्न उरत नाही, 'किती' एवढाच उरतो.

नायट्रोसामाइनपासून सुरुवात करतो आणि त्यावरच जास्त लिहितो, कारण तंबाखू खाणाऱ्याच्या दृष्टीने तिघांत सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

शेतात उभ्या हिरव्या पानात ही द्रव्यं जवळपास नसतात. तिथे असतं ते निकोटिन, त्याचाच भाऊ शोभेल असं नॉरनिकोटिन, आणि नत्राच्या खतातून आलेलं नायट्रेट. हे तिघं पानात एकत्र असूनही एकमेकांना काही करत नाहीत. गडबड सुरू होते ती झाड कापल्यावर. पान पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, पेशी फुटतात आणि आतला रस बाहेर येतो. पानावर जिवाणू असतातच. थोडा ओलावा आणि थोडी ऊब मिळाली की ते नायट्रेटचं नायट्राइट करतात. हे नायट्राइट नॉरनिकोटिनला आणि निकोटिनला धरतं, आणि त्यातून तंबाखूतच आढळणारी नायट्रोसामाइन बनतात. त्यांची नावं लांबलचक आहेत. इथे दोनच लक्षात ठेवा: एनएनएन आणि एनएनके. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या दोघांना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. न जाळलेल्या तंबाखूत एनएनएन सापडल्याचं अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७४ सालीच जाहीर केलं होतं. म्हणजे ही धुराची करामत नाही, हे पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

वखारीतलं एक दृश्य सांगतो. वाळलेलं पान कुरकुरीत झालं की हाताळताना त्याचा चुरा होतो, म्हणून त्यावर पाणी शिंपडून ते मऊ करतात, मग थप्पी लावून वर पोती टाकतात. लहानपणी मी अशा थप्पीत कोपरापर्यंत हात घातलेला आहे. आत चांगलं गरम लागतं, आणि पोतं उचललं की अमोनियाचा वास नाकात घुसतो. जुनी माणसं याला माल 'मुरला' म्हणतात, आणि चव त्यानेच येते हे खरंच आहे. पण ती ऊब कोणी बाहेरून दिलेली नसते. थप्पीच्या आत चाललेल्या घडामोडींची ती ऊब असते, आणि त्यात जिवाणूंचा मोठा वाटा असतो. नायट्राइट तयार व्हायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

आता एक गोष्ट मामांच्या बाजूने. उन्हात भराभर वाळवलेल्या पानात नायट्रोसामाइन सहसा कमी निघतात. सावलीत, दमट हवेत, आठवडेच्या आठवडे लटकवून वाळवलेल्या पानात जास्त निघतात. त्यामुळे मामांनी कडक उन्हात वाळवली असेल तर सुरुवात बरी असू शकते. पण पुढे पाणी शिंपडलं, थप्पी लावली, पावसाळाभर कोंदट खोलीत पोत्यात ठेवली, तर सुरुवातीचा फायदा टिकत नाही. प्रयोगशाळेत आम्ही हे स्वतः पाहिलं आहे. एकाच तंबाखूचे दोन भाग करून एक गोठणपेटीत ठेवला आणि दुसरा किंचित दमट अवस्थेत झाकणाच्या डब्यात खोलीच्या तापमानाला ठेवला. काही महिन्यांनी दोन्हींतला अर्धा-अर्धा ग्रॅम घेऊन, द्रावणात हलवून, गाळून यंत्रावर लावला. गोठणपेटीतल्या भागाचा आकडा जवळजवळ होता तिथेच होता आणि डब्यातल्या भागाचा वर गेलेला होता. त्या डब्यात आम्ही काही घातलं नव्हतं. बाहेरून बघून दोन्हींत फरक ओळखू आला नसता, वासावरूनही नाही. म्हणून 'चांगली दिसते, चांगली लागते' याचा इथे काही उपयोग नाही.

उलटा पुरावा स्वीडनमधून मिळतो. तिथे ओठाखाली ठेवायची 'स्नूस' नावाची तंबाखू असते. तिचे उत्पादक दळलेली तंबाखू वाफेच्या उष्णतेने तापवतात, त्याने जिवाणू मरतात, आणि माल थंड ठेवतात. गेल्या काही दशकांत तिच्यातली नायट्रोसामाइन बरीच खाली आली, शून्य मात्र झाली नाहीत. अमेरिकेतही एक धडा मिळाला. तिथे भट्टीत पान वाळवताना गॅसच्या ज्वाळेची हवा सरळ पानावर सोडत असत आणि त्या हवेतले नायट्रोजनचे ऑक्साइड पानातल्या निकोटिनशी जुळत. २००० सालाच्या आसपास ज्वाळा वेगळी ठेवून फक्त गरम हवा आत सोडायला सुरुवात झाली आणि आकडे उतरले. पीक तेच होतं, वाळवण्याची रीत तेवढी बदलली होती. यावरून दिसतं की हे विष बऱ्याच अंशी कापणीनंतर घडतं. आणि आपल्याकडे खाण्याची तंबाखू विकणाऱ्या किंवा घरी ठेवणाऱ्या कोणावरही ते मोजून दाखवण्याची सक्ती नाही.

किती असतं, याची कल्पना यावी म्हणून आकडे देतो. भारतातल्या खाण्याच्या तंबाखूचे नमुने तपासून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खैनी, जर्दा अशा मालात एनएनएन दर ग्रॅमला साधारण पावणेदोन मायक्रोग्रॅमपासून ७६ मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली खाण्याच्या तंबाखूसाठी सुक्या वजनाच्या दर ग्रॅमला १ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा सुचवली होती. ती सूचनाच राहिली, पण सुरक्षेचा विचार करणारी माणसं कुठल्या पातळीचा विचार करत होती ते त्यातून कळतं.

दादांचा हिशेब मांडू. समजा ते दिवसाला आठ ग्रॅम तंबाखू खातात. बार किती वेळा भरतात ते मोजा, मग तुमचा आकडा घाला. समजा मामांच्या तंबाखूत दर ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम एनएनएन आहे. वरच्या अभ्यासाच्या मानाने हा काही मोठा आकडा नाही. आठ गुणिले दहा म्हणजे दिवसाला ८० मायक्रोग्रॅम, अर्थात ८०,००० नॅनोग्रॅम. २०१८ साली रक्तदाबाच्या व्हलसार्टान या गोळ्या जगभर परत मागवल्या होत्या, आठवत असेल. त्यात याच कुळातलं एक नायट्रोसामाइन सापडलं होतं, आणि त्याची दिवसाची स्वीकारार्ह मर्यादा ९६ नॅनोग्रॅम धरली गेली होती. ते द्रव्य वेगळं, त्याची ताकद वेगळी, त्यामुळे सरळ भागाकार करून निष्कर्ष काढू नका. शिवाय दादांच्या बारातलं सगळं एनएनएन लाळेत उतरत नाही, काही थुंकीबरोबर जातं. निम्मंच उतरलं असं धरलं तरी ४०,००० उरतात. ज्या कुळातल्या द्रव्यासाठी गोळीत दिवसाची मर्यादा शंभर नॅनोग्रॅमच्याही आत धरली, त्याच कुळातलं द्रव्य इथे हजारांत गालात बसलेलं असतं, आणि ते रोज.

चुन्याबद्दलही सांगतो. चुन्याने तंबाखू अल्कधर्मी होते, त्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून लवकर आत जातं आणि किक पटकन बसते. लत पक्की होण्यात चुन्याचा मोठा हात आहे, आणि लत जितकी पक्की तितके दिवसाचे बार जास्त, नायट्रोसामाइनची मात्राही तितकी जास्त.

आता हे शरीरात करतं काय? एनएनएन आणि एनएनके जसेच्या तसे फार उपद्रवी नाहीत. शरीर परक्या द्रव्याला पाण्यात विरघळणारं करून लघवीवाटे बाहेर काढू पाहतं. यकृतात, फुप्फुसात, श्वासमार्गात त्यासाठीची विकरं असतात. ही विकरं एनएनकेला हात लावतात तेव्हा मधल्या एका टप्प्यावर अत्यंत अस्थिर, कशालाही चिकटणारा तुकडा तयार होतो. तो जवळ असलेल्या डीएनएला चिकटतो. डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'ग' म्हणजे ग्वानिन, त्यावर एक छोटा मिथाइल गट बसतो. पेशी विभागताना नक्कल करणारी यंत्रणा ते अक्षर चुकीचं वाचते आणि 'ग'च्या जागी पुढच्या पिढीत 'अ' येतो. अशी चूक एखाद्या बिनमहत्त्वाच्या जागी झाली तर काही होत नाही. ती पेशीची वाढ चालू-बंद करणाऱ्या जनुकात झाली तर पेशी 'चालू'मध्येच अडकते. केआरएएस नावाच्या अशाच एका जनुकात नेमकी ही अदलाबदल एनएनके दिलेल्या प्राण्यांच्या फुप्फुसातल्या गाठींत सापडलेली आहे.

शरीर हातावर हात ठेवून बसत नाही. डीएनएवर बसलेला तो मिथाइल गट उपटून काढणारं एक प्रथिन प्रत्येक पेशीत असतं. पण ते कात्रीसारखं पुन्हा पुन्हा वापरता येत नाही. एक रेणू एकच गट काढतो, तो स्वतःवर घेतो आणि कायमचा निकामी होतो. पेशीला नवे रेणू बनवावे लागतात. अधूनमधून एखादी चूक झाली तर साठा पुरतो. दिवसाला दहा बार, प्रत्येक बार अर्धा तास, तोही त्याच गालात, असं वर्षानुवर्षं चाललं तर काढणारे कमी पडतात आणि चुका मागे राहतात. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण 'इतकी वर्षं खातोय, काही झालं नाही' याचं उत्तर त्यात आहे. झालेलं दिसत नाही, कारण ते अजून अक्षरांच्या पातळीवर आहे.

कुठे होतं, हाही प्रश्न आहे. एनएनकेचा कल फुप्फुसाकडे. प्रयोगातल्या प्राण्यांना ते टोचलं, पाजलं किंवा कातडीला लावलं तरी गाठी फुप्फुसात आल्या. एनएनएनचा कल तोंडाकडे आणि अन्ननलिकेकडे. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पिण्याच्या पाण्यातून एनएनएन दिलेल्या उंदरांच्या तोंडात आणि अन्ननलिकेत गाठी झाल्या. धूर नाही, जाळ नाही, चुना नाही, फक्त पाणी आणि एनएनएन. माणसांत खाण्याच्या तंबाखूने होणारे कर्करोग मुख्यतः तोंडाचे, अन्ननलिकेचे आणि स्वादुपिंडाचे आहेत. म्हणून 'धूर नाही, म्हणजे कॅन्सर नाही' हे दादांचं म्हणणं नायट्रोसामाइनच्या बाबतीत पूर्ण चुकीचं आहे.

कॅडमियमची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे दादांनी सिगरेट सोडली याचा खरा फायदा झालेला आहे.

कॅडमियम हा जड धातू. तो थोडाफार सगळ्याच जमिनीत असतो आणि फॉस्फेट खतांतून त्यात भर पडते, कारण ज्या खडकापासून सुपर फॉस्फेट बनतं त्या खडकातच तो असतो. जमीन आम्लधर्मी असेल तर मुळं तो जास्त ओढतात. बरीच पिकं तो मुळात अडवून ठेवतात. तंबाखू मात्र तो खोडातून वर चढवते आणि पानात साठवते, आणि आपण वापरतो ते नेमकं पानच. मामांनी या वर्षी रासायनिक खत टाकलं नसलं तरी जमिनीत वीस-पंचवीस वर्षांत जे पडलं ते तिथेच आहे. सेंद्रिय तंबाखूतून कॅडमियम हद्दपार झालं, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

एका सिगरेटीतल्या तंबाखूत साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम कॅडमियम असतं. जळताना त्याची वाफ होते, धुराच्या बारीक कणांवर बसते आणि साधारण दहावा हिस्सा ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जातो. दिवसाला वीस सिगरेटी म्हणजे २ ते ४ मायक्रोग्रॅम. दिसायला हे कमी आहे, जेवणातून आपण रोज याहून जास्त कॅडमियम खातो. पण आतडं त्यातलं साधारण पाच टक्केच आत घेतं, फुप्फुस मात्र अर्ध्याच्या आसपास घेऊ शकतं. त्यामुळे शेवटी रक्तात पोचतं ते सिगरेटचं कॅडमियम जेवणातल्या सगळ्या कॅडमियमइतकं किंवा त्याहून जास्त भरतं. सिगरेट ओढणाऱ्यांच्या रक्तात कॅडमियम न ओढणाऱ्यांच्या मानाने चार-पाच पट आढळतं ते या फरकामुळे.

खाल्लेल्या तंबाखूत तेच कॅडमियम आतड्याच्या वाटेने जातं आणि काही थुंकीत जातं, म्हणून भार बराच कमी. यात एक अपवाद लक्षात ठेवा. शरीरात लोह कमी असलं की आतडं लोह पकडायला हात लांब करतं आणि त्याच दारातून कॅडमियमही जास्त आत येतं. घरात आई किंवा आजी मशेरी लावत असतील आणि त्यांचं हिमोग्लोबिन कमी असेल, तर त्यांच्यासाठी हा मुद्दा दादांपेक्षा जास्त लागू आहे.

कॅडमियमची वाईट खोड म्हणजे ते निघत नाही. मूत्रपिंडात ते एका प्रथिनाला बांधून ठेवलं जातं आणि तिथलं प्रमाण निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. साठा वाढत गेला की मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या गाळणीचं काम नीट करेनाशा होतात आणि एरवी परत शोषली जाणारी छोटी प्रथिनं लघवीत गळू लागतात. शिवाय डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या काही प्रथिनांत जस्ताची गरज असते, आणि कॅडमियम जस्ताची जागा बळकावतं. सिगरेट ओढणाऱ्यात एकीकडे नायट्रोसामाइन चुका करतात आणि दुसरीकडे कॅडमियम दुरुस्तीवाल्यांना अडवतं. दादांनी जितकी वर्षं सिगरेट ओढली तितक्या वर्षांचं कॅडमियम अजून त्यांच्या मूत्रपिंडात आहे. त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना सिगरेटची वर्षं सांगा आणि लघवीतली प्रथिनं वर्षातून एकदा तपासून घ्या.

पोलोनियमबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याचं नाव जितकं भीतीदायक आहे तितका तो दादांच्या आजच्या सवयीशी जोडलेला नाही.

तंबाखूत पोलोनियम-२१० हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, हे १९६४ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवलं. त्याची साखळी अशी: फॉस्फेटच्या खडकात रेडियम, त्यापासून रेडॉन वायू, रेडॉनपासून पुढे शिसं-२१० आणि त्यापासून पोलोनियम-२१०. काही भाग मुळांवाटे येतो. पण रेडॉन जमिनीतून हवेतही जातो, आणि त्यापासून बनलेले शिशाचे कण धुळीबरोबर खाली बसतात. तंबाखूच्या पानावर बारीक, चिकट लव असते. हिरव्या तंबाखूतून चालत गेलं की हाताला जो काळा डिंक लागतो तो त्या लवेचाच, आणि त्याला हे कण चिकटतात. शिसं-२१० निम्मं व्हायला बावीस वर्षं लागतात, म्हणून तंबाखू वर्षभर ठेवली तरी पोलोनियम नव्याने बनत राहतं.

प्रमाण किती? एका सिगरेटीच्या तंबाखूत ढोबळमानाने मिनिटाला एक अणू फुटेल एवढं. हिशेब केला तर सुमारे तीन लाख अणू. २००६ साली लंडनमध्ये माजी रशियन गुप्तहेर अलेक्झांडर लिटव्हिनेन्को यांना ज्या पोलोनियमने मारलं, ती मात्रा याच्या अब्जावधी पटींनी मोठी होती, म्हणून दोन गोष्टी एकत्र आणू नयेत. सिगरेटमधला धोका साठण्याचा आहे. सिगरेटच्या टोकाच्या उष्णतेला पोलोनियमची वाफ होते, ती धुराच्या कणांवर बसते, आणि हे कण श्वासनलिकेला जिथे फाटे फुटतात त्या कोनात अडकतात. त्यातून निघणारा अल्फा कण उतीत मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढाच जातो, पण तेवढ्या वाटेतल्या चार-पाच पेशींवर सगळी ऊर्जा ओततो. फुप्फुसाच्या कर्करोगात याचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अंदाज एकमेकांपासून फार लांब आहेत, आणि मी त्यातला एक उचलून तुम्हाला देणार नाही. तंबाखू न जाळता खाल्ली तर श्वासनलिकेची ही वाटच बंद होते.

आता धुणं आणि भाजणं. पाण्याने धुतलं तर वरची धूळ जाते, थोडं शिसं-पोलोनियम जातं. नायट्रोसामाइन पाण्यात विरघळतात, म्हणून काही उतरतील हेही खरं. पण निकोटिनही त्याच पाण्यात उतरतं. मग तंबाखू फिकी लागते आणि खाणारा बार मोठा भरतो किंवा जास्त वेळा भरतो. वर ती धुतलेली, ओली तंबाखू पुन्हा वाळेपर्यंत जिवाणूंना हवी तशी जागा मिळते. कॅडमियम तर पानाच्या आत, पेशींत बांधलेलं असतं. भाजल्याने जिवाणू मरतात, पण आधी तयार झालेलं नायट्रोसामाइन तव्यावर सगळं जात नाही. मशेरीच्या नमुन्यांत ते मोजलं गेलेलं आहे. कॅडमियम हे मूलद्रव्य, तव्याच्या आचेने ते नष्ट होण्याचा प्रश्नच नाही. उलट पान काळं होईपर्यंत भाजताना बेंझोपायरीनसारखी, धुरात असतात ती कर्करोगकारक द्रव्यं नव्याने बनतात. म्हणजे तवा एक काढत नाही आणि दुसरं घालतो.

दादांशी बोलताना मी तुमच्या जागी असतो तर सिगरेट सोडल्याचं आधी मान्य केलं असतं, कारण कॅडमियमची आणि पोलोनियमची फुप्फुसातली वाट त्यांनी खरंच बंद केली आहे. मग एवढंच सांगितलं असतं की नायट्रोसामाइन कमी झालं नसून बहुधा वाढलं आहे, आणि ते आता रोज एकाच जागी तासन्‌तास टेकून असतं. त्यांना हवंय ते निकोटिन. ते शुद्ध स्वरूपात निकोटिनच्या गमात मिळतं, आणि गमात तंबाखूचं पान नसल्याने ही नायट्रोसामाइन त्यात नगण्य असतात. गम चावत राहायचा नसतो. थोडा चावून, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायचा आणि झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडा चावायचा. बार भरणाऱ्या माणसाला ही रीत सोपी जाते. दिवसाचे बार किती आणि उठल्यावर पहिला बार किती मिनिटांत, यावरून गमाची मात्रा ठरते, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे.

सोडल्यावर शरीरातून काय जातं, हेही त्यांना सांगा. एनएनके शरीरात गेलं की त्याचं रूपांतर एनएनएएल नावाच्या द्रव्यात होतं आणि ते लघवीत मोजता येतं. त्याचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण दहा ते अठरा दिवस लागतात. म्हणजे तंबाखू पूर्ण बंद केली तर दोन महिन्यांत ते सुरुवातीच्या अगदी थोड्या भागावर येतं. कॅडमियमसारखं हे वर्षानुवर्षं चिकटून राहत नाही.

आणि एक काम आजच करा. दादा बार कुठे ठेवतात ते त्यांना विचारा, प्रत्येकाची एक ठरलेली जागा असते. दिवसाच्या उजेडात ओठ किंवा गाल बाहेर ओढून तीच जागा पाहा आणि दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. तंबाखू खाणाऱ्यांत तिथली त्वचा पांढुरकी आणि सुरकुतलेली झालेली बऱ्याचदा दिसते. ती बार बंद केल्यावर काही आठवड्यांत पूर्ववत होऊ शकते. पण पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, बोटाला कडक लागणारी जागा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ती दुखतच नाही. दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि तुकडा काढून तपासायला सांगितलं तर त्याच आठवड्यात काढून घ्या. जाताना सिगरेट किती वर्षं ओढली, तंबाखू किती महिने खाल्ली, दिवसाला किती बार आणि कोणत्या गालात, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर हेच चार प्रश्न आधी विचारतील.